पीआयपीचा कागद हातात आला तर राजीनामा टाइप करू नका



काही महिन्यांपूर्वी चॅनेलवर स्टाफचा परफॉर्मन्स कसा मोजायचा यावर व्हिडिओ टाकला होता. सोबत परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनचा, म्हणजे पीआयपीचा, एक नमुनाही दिला होता. त्याखाली सगळ्यात जास्त लाइक कोणत्या कमेंटला मिळाले असतील? "सर, माणसाला पैसे न देता कसं घालवायचं तेवढं सांगा." खाली पंधरा-वीस जणांनी "सेम प्रश्न" म्हणून लिहिलेलं.

मी त्याला उत्तर दिलं नाही. पण त्याच आठवड्यात माझ्या दुकानात एक गोष्ट घडली आणि वाटलं, या वेळी टेबलाच्या पलीकडच्या माणसासाठी लिहायला पाहिजे. माझे बरेच प्रेक्षक दुकानदार आहेत, पण तितकेच नोकरीवाले पण आहेत. आणि दुकानदाराच्या घरात एक तरी माणूस नोकरीला असतोच.

माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, पुण्यात, आयटीवाल्यांच्या वस्तीला लागून. झेरॉक्सवाल्याला कोणाच्या घरी काय चाललंय ते न विचारता कळतं. मार्चच्या सुरुवातीला रोजच्या ओळखीतली एक ताई चार पानं घेऊन आली. "दादा, दोन कॉपी द्या, आणि जरा लवकर." पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात पीआयपी. मी कॉपी काढली, पण ती पैसे द्यायच्या ऐवजी काउंटरला टेकून उभीच राहिली. म्हणाली, "एचआर म्हणते, शुक्रवारपर्यंत राजीनामा दिलास तर एक्स्पीरियन्स लेटर स्वच्छ देऊ."

पुढचं सांगण्याआधी माझं एक सांगतो, नाहीतर हा कुठल्या अधिकाराने बोलतोय असं वाटेल. बीबीए झाल्यावर मी तीन वर्षं एका कंपनीत सेल्स टीम लीडर होतो. एका तिमाहीला वरून सांगणं आलं, टीममधली दोन माणसं कमी करायची, पण "टर्मिनेशन दिसायला नको". मग त्या दोघांचे पीआयपी मी लिहिले. टार्गेट असं ठेवलं की जे मलाही जमलं नसतं. तीस दिवस पूर्ण व्हायच्या आधीच दोघांनी राजीनामा दिला. त्यातला एक जण जाताना मला "थँक यू सर" म्हणून गेला. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, आपण काम छान मॅनेज केलं. तेव्हा तो कागद कसा शिजतो हे मला आतून माहीत आहे.

तर मूळ मुद्दा असा. पीआयपी बेकायदेशीर नाही. काम खरंच कमी पडत असेल तर कंपनीला ते लेखी सांगायचा आणि सुधारायला मुदत द्यायचा पूर्ण हक्क आहे. आपल्या कामगार कायद्यात पीआयपी हा शब्दसुद्धा नाही. म्हणजे पीआयपी "फेल" झाला की नोकरी आपोआप संपते, असंही कुठे लिहिलेलं नाही. नोकरी संपायला दोनच मुख्य रस्ते आहेत, एकतर कंपनीने काढायचं, नाहीतर तुम्ही सोडायचं. खोट्या पीआयपीचा सगळा खेळ पहिला रस्ता दुसऱ्यासारखा दिसावा यासाठी असतो.

कंपनीला तुमची सही एवढी का हवी असते? त्यासाठी कायद्याचा थोडा भाग बघावा लागेल. थोडाच बघू.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिने घेतली. जुन्या कायद्यातली एक गोष्ट तिच्यात तशीच राहिली आहे. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नाही, तर इतर कुठल्याही कारणाने मालकाने कामगाराला काढलं, तर ती कामगार कपात धरली जाते. वयोमानाने निवृत्ती, ठरावीक मुदतीच्या नोकरीची मुदत संपणं असे थोडे अपवाद आहेत. आणि ज्याची सलग एक वर्ष नोकरी झाली आहे त्याची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस कारणासकट द्यायची, किंवा तेवढा पगार द्यायचा. वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई. शेवटचं वर्ष अर्धवट असेल पण सहा महिन्यांच्या वर गेलं असेल तर तेही धरायचं. शिवाय त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो साधारणपणे आधी जाणार, आणि हा क्रम मोडायचा तर कारण नोंदवायचं.

आता स्वतःहून दिलेला राजीनामा यात बसत नाही. तुम्ही "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे" एवढी एक ओळ टाइप केली की भरपाई गेली, क्रम गेला, कारण दाखवायची जबाबदारी गेली. पुढे तुम्ही म्हणालात की माझ्यावर दबाव होता, तर तो सिद्ध करायची जबाबदारी तुमची. एका ओळीत एवढं सगळं हातातून जातं. म्हणून एचआर तुम्हाला टर्मिनेशनची भीती घालते आणि राजीनाम्याचा फॉर्म उघडून देते.

"पण मी कामगार कुठे, मी तर असिस्टंट मॅनेजर आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! ताईपण तेच म्हणाली. तिच्या व्हिजिटिंग कार्डावर असिस्टंट मॅनेजर, रिसिव्हेबल्स असं आहे. मी विचारलं, "तुमच्या हाताखाली किती जण?" कोणी नाही. "कोणाची रजा मंजूर करता?" नाही. "ग्राहकाला क्रेडिट नोट स्वतःच्या सहीने देता?" नाही, वरून मंजुरी लागते. दिवसभर काय करता, तर ग्राहकांना थकीत बिलांचे फोन, खाती जुळवणं, एक्सेल भरणं. हे कारकुनी काम झालं. कायदा पद बघत नाही, तुम्ही मुख्यतः काय काम करता ते बघतो. हाताने करायचं, कारकुनी, तांत्रिक, ऑपरेशनचं काम असेल तर पगार चाळीस हजार असो की लाख, तुम्ही कामगार ठरू शकता. अठरा हजारांची मर्यादा देखरेखीचं, म्हणजे सुपरवायझरी काम करणाऱ्यांसाठी आहे. लोक ती सगळ्यांना लावतात आणि आपणच आपला हक्क सोडून देतात.

खरोखर मॅनेजर असाल, माणसं नेमता-काढता, बजेट तुमच्या हातात आहे, तर मात्र ही संहिता तुमच्या कामाची नाही. मग तुमचं अपॉइंटमेंट लेटर हाच तुमचा कायदा. त्यात लिहिलेला नोटीस पीरियड, त्याचा पगार, व्हेरिएबल पेबद्दलचं कलम. कोर्ट अशा माणसाला खासगी कंपनीत परत बसवत नाही, फार तर नोटिशीएवढी नुकसानभरपाई मिळते. कडू आहे, पण असं आहे. म्हणूनच मॅनेजरनी भांडण कोर्टात न्यायच्या आधी टेबलावर जास्त मिळवायचा प्रयत्न करावा.

आता ताईचा कागद.

त्यात तीन टार्गेट होती. पहिलं, बारा जुन्या ग्राहकांकडची थकबाकी तीस दिवसांत पूर्ण वसूल. दुसरं, "कामाची मालकी घेण्याची वृत्ती दाखवणे". तिसरं, ईमेलची भाषा सुधारणे. मुदत २ मार्च ते ३१ मार्च. आपल्याला उधारी माहीत आहे ना मित्रांनो? त्या बारा ग्राहकांपैकी सात जणांशी कंपनीचाच करार साठ दिवसांच्या क्रेडिटचा होता आणि दोघांची बिलं चुकीच्या दराने गेल्यामुळे वादात होती. दर सुधारणं ताईच्या हातात नाही. म्हणजे जे काम साठ दिवसांच्या चक्रात फिरतं त्याला तीस दिवस दिले, आणि जे दुसऱ्या डिपार्टमेंटच्या चुकीने अडलं तेही हिच्या नावावर टाकलं. "मालकी घेण्याची वृत्ती" कशी मोजणार याबद्दल कागदात अवाक्षर नाही. मी असाच कागद लिहिला होता, म्हणून ओळखला.

दुसरी खूण तिने आपोआप सांगितली. मागच्या एप्रिलच्या अप्रेझलमध्ये तिला पाचपैकी चार होते आणि पगारवाढ मिळाली होती. मधल्या अकरा महिन्यांत एकही वॉर्निंग मेल नाही. तिसरी खूण म्हणजे सुधारणेची कागदोपत्री मुदत तीस दिवसांची, पण राजीनाम्याची मुदत त्याच शुक्रवारची. ज्याला तुम्ही सुधारायला हवे आहात तो चौथ्या दिवशी राजीनामा मागत नाही.

पण सगळ्यात बोलकी गोष्ट तारखांमध्ये होती आणि ती तिच्याही लक्षात आली नव्हती. मी विचारलं, "जॉइन कधी झालात?" २१ मे २०२१. म्हणजे यंदा २० मे ला पाच वर्षं पूर्ण. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. फक्त पाच वर्षं भरलेली पाहिजेत. ३१ मार्चला ती बाहेर पडली तर चार वर्षं दहा महिने. मद्रास उच्च न्यायालयाने पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षं धरावीत असं मानलेलं आहे, पण कंपन्या ते सहज ऐकत नाहीत, त्यासाठी भांडावं लागतं.

झेरॉक्सच्या कागदामागे आम्ही हिशेब मांडला. एकूण पगार चाळीस हजार, त्यात मूळ वेतन वीस हजार, आणि हिशेबासाठी वेतन म्हणून तेच धरलं. तिच्या लेटरप्रमाणे नोटीस पीरियड दोन्ही बाजूंनी साठ दिवसांचा. शुक्रवारी राजीनामा देऊन लगेच मोकळी झाली असती तर दोन महिन्यांचा पगार, म्हणजे ८०,००० गेले असते. ग्रॅच्युइटीचं सूत्र म्हणजे वेतन गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. वीस हजारांवर पाच वर्षांचे झाले सुमारे ५७,६९०. आणि कंपनीने कपात म्हणून काढलं असतं तर पंधरा दिवसांचे दहा हजार, पाच वर्षांचे ५०,०००. बेरीज पावणेदोन लाखांच्या वर, एक लाख सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास. एका "स्वच्छ" एक्स्पीरियन्स लेटरची ही किंमत! ताई आकड्याकडे बघत म्हणाली, "दादा, मला वाटलं होतं ते माझ्यावर उपकार करतायत."

मग तिने काय केलं ते सांगतो, कारण यातलं प्रत्येक पाऊल तुम्हालाही उचलता येईल.

पीआयपीवर सही करावी का हा पहिला प्रश्न. सही नाकारली तर कंपनी "सहकार्य नाही" म्हणून दुसरा कागद तयार करते. म्हणून सही करायची, पण सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहायचं, "प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही. लेखी उत्तर देत आहे." पोर्टलवर फक्त ॲक्सेप्टचं बटण असेल तर दाबायचं आणि दोन मिनिटांत तोच मजकूर मेल करायचा. तिने तसं केलं.

दोन दिवसांनी तिने उत्तराचा मेल टाकला. त्यात रडगाणं नाही, आरोप नाही. चार तथ्यं. मागच्या अप्रेझलचा आकडा. सात ग्राहकांचे साठ दिवसांचे करार. दोन वादातली बिलं आणि ती ज्या तारखांना तिने वर कळवली त्या तारखा. आणि शेवटी विचारणा, दुसऱ्या टार्गेटचं मोजमाप कसं होणार, आणि आठवड्याचा रिव्ह्यू कोणत्या दिवशी? हा मेल लिहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, कारण पहिल्या मसुद्यात मॅनेजरबद्दल बरंच काही होतं. ते सगळं काढायला लावलं. उद्या कामगार आयुक्त कार्यालयातला अधिकारी हा मेल वाचेल, तेव्हा त्याला राग नको, तारखा हव्या असतात.

त्यानंतर दर रिव्ह्यू झाला की त्याच संध्याकाळी मेल. "आज आपलं असं बोलणं झालं, आतापर्यंत बारापैकी पाच खाती पूर्ण, दोन वादात. काही चुकलं असल्यास कळवा." रिव्ह्यू रद्द झाला तर त्याचाही मेल. चारपैकी दोन रिव्ह्यू मॅनेजरने घेतलेच नाहीत. हे मेल नसते तर ३१ मार्चला कागदावर फक्त "अपेक्षित सुधारणा नाही" एवढंच राहिलं असतं.

इथे एक धोक्याची गोष्ट. पुरावा हवा म्हणून ग्राहकांच्या याद्या, लेजर, कंपनीचे रिपोर्ट स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तो गोपनीयतेचा भंग होतो आणि मग कंपनीला पीआयपीची गरजच उरत नाही, गैरवर्तनाचं आयतं कारण मिळतं. तुमच्या नावाने आलेला पीआयपी, तुमचं अप्रेझल, पगारपत्रकं, अपॉइंटमेंट लेटर यांची प्रत ठेवा. ग्राहकांचा डेटा तारीख आणि बिल नंबरने मेलमध्ये उल्लेखा, जोडू नका. तसंच रागाने ऑफिसला जाणं बंद करू नका. न कळवता गैरहजर राहिलात की कंपनी म्हणते, माणूस स्वतःच काम सोडून गेला. तब्येत बिघडली तर रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बाकी रोज पंचिंग.

एक दार बहुतेकांना माहीतच नसतं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी, त्यात मालकाच्या बाजूचे आणि कामगारांच्या बाजूचे सदस्य सारख्या संख्येने, आणि तिने तीस दिवसांत निपटारा करायचा असं संहितेत आहे. ताईच्या कंपनीत अशी समिती आहे का, हे तिने मेलवर विचारलं. उत्तर आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी एचआरचा बोलण्याचा सूर बदलला. मला विचाराल तर त्या एका मेलने जेवढं काम केलं तेवढं कोणत्याही वकिली नोटिशीने केलं नसतं. कारण पहिल्यांदा त्यांना कळलं की समोरच्या बाईने वाचलंय.

तरी २७ मार्चला ती खोली आलीच. काचेची छोटी मीटिंग रूम, एचआर, मॅनेजर, आणि लॅपटॉपवर राजीनाम्याचा फॉर्म आधीच उघडलेला. "सहा वाजेपर्यंत सबमिट कर, नाहीतर टर्मिनेट होशील आणि पुढच्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनमध्ये तेच जाईल."

या खोलीसाठी मी तिला एकच वाक्य पाठ करायला सांगितलं होतं. "मी राजीनामा देऊ इच्छित नाही. कंपनीचा जो निर्णय असेल तो मला लेखी द्या, मी लेखी उत्तर देईन." बस्स. वाद नाही, स्पष्टीकरण नाही, रडू आलं तर येऊ द्या, पण वाक्य तेच. मग उठून आपल्या जागेवर जायचं आणि लगेच मेल करायचा, आज इतके वाजता या दोघांच्या उपस्थितीत मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी नकार दिला आहे, मी कामावर हजर आहे. तिचा मेल चार वाजून बारा मिनिटांनी गेला. सहा वाजले. काहीच झालं नाही. माणूस काढायचा अधिकार त्यांच्याकडे होता, पण काढल्याच्या कागदावर कारण लिहून सही करायला कोणी तयार नव्हतं.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, दादा, मी तर कालच सबमिट करून बसलोय. तर आज रात्रीच मेल टाका. "काल अमुक वाजता दबावाखाली दिलेला राजीनामा मी मागे घेत आहे, मी कामावर हजर राहण्यास तयार आहे." राजीनामा प्रत्यक्ष लागू होण्याआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केलंय. अगदी सप्टेंबर २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, त्याने २०१३ च्या डिसेंबरमध्ये दिलेला राजीनामा २०१४ च्या मे महिन्यात, कार्यमुक्त होण्याआधी मागे घेतला होता, आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ती सरकारी मालकीची संस्था आहे, खासगी कंपनी इतक्या सहज ऐकणार नाही. आणि बघा, निकालाला दहा वर्षं लागली. पण दुसऱ्या दिवशीचा मेल हा दबावाचा सगळ्यात चांगला पुरावा असतो. दोन महिन्यांनी, हिशेबाचे पैसे घेऊन, निरोप समारंभाचा केक कापून झाल्यावर म्हणालात की जबरदस्ती होती, तर कोण विश्वास ठेवेल?

कंपनीने खरंच काढलं तर? तर ते तुमच्यासाठी राजीनाम्यापेक्षा बरं असू शकतं, हे पचायला वेळ लागतो. काढल्याचं पत्र म्हणजे तुमच्या दाव्याचा पाया. एकट्या कामगारालाही त्यावर कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं, युनियन लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत. तिथे समेट झाला नाही तर अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज. शिवाय वेतन संहितेप्रमाणे काढलं किंवा राजीनामा दिला, दोन्ही वेळेला राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवा. हे मॅनेजरलाही लागू आहे. "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी" हा कंपन्यांचा जुना रिवाज आहे. आणि त्या फुल अँड फायनलच्या कागदावर "माझा काही दावा नाही" असं छापलेलं असेल तर सही करताना "हक्क राखून, निषेधासह" एवढं लिहा.

व्हेरिफिकेशनची भीती खोटी नाही, हे मान्य करतो. काही कंपन्या टर्मिनेशन बघून मागे हटतात. पण पुढच्या मुलाखतीत मेलचा पुरावा दाखवता आला तर निदान सांगण्यासारखं काही असतं. आणि लहान मुलं, घराचा हप्ता, आजारी आईवडील असताना कोणी तणाव नको म्हणून सोडलं तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. फक्त सोडायचंच असेल तर फुकट सोडू नका. "मी जायला तयार आहे, पण अटींवर" हे वाक्य बोलायला लाज कसली? आपण दुकानात रोज भाव करतो.

ताईने शेवटी तेच केलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एचआरने स्वतःहून विचारलं, तुला काय हवंय? तिने लेखी मागितलं: सेवा ३१ मेपर्यंत चालू, पूर्ण पगारासह, कामावर यायची सक्ती नाही, ग्रॅच्युइटी नेहमीप्रमाणे, आणि लेटरमध्ये परफॉर्मन्सचा उल्लेख नाही. वरचे पन्नास हजारही मागितले होते, ते त्यांनी दिले नाहीत. तिने ते सोडले आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला कागद हातात आल्यावरच राजीनामा दिला. मी तिला म्हटलं होतं, ताई, अजून ताणून धरा. तिने ऐकलं नाही आणि आता वाटतं, तिचं बरोबर होतं. पन्नास हजारांसाठी तीन-चार वर्षं तारखा करायच्या, त्यापेक्षा दोन महिने शांतपणे नोकरी शोधलेली बरी. जूनमध्ये ग्रॅच्युइटी जमा झाली, आणि तिला नवीन नोकरीही लागली, पगार दोन हजारांनी कमी आहे.

माझ्या दुकानदार मित्रांना एवढंच सांगतो की त्या कमेंटचं उत्तर मी देणार नाही. माणूस नको असेल तर समोर बसवून सांगा, नोटीस द्या, हिशेब द्या. सहा-सात जणांच्या दुकानात एका माणसाच्या नोटिशीचा पगार जितका जातो, त्यापेक्षा जास्त उरलेल्यांचा विश्वास गेल्यावर जातो. माझ्याकडे गल्ल्यावर बसणारा मुलगा मागच्या वर्षी जमला नाही, तेव्हा मी एक महिन्याचा पगार देऊन सोडला. तेव्हा पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

आणि चॅनेलवरचा तो पीआयपीचा नमुना मी बदललाय. आता त्यात टार्गेटच्या शेजारी "हे काम पूर्ण करायला दुसऱ्या कोणाची मंजुरी लागते" असा एक रकाना आहे, आणि शेवटी कर्मचाऱ्याच्या उत्तरासाठी एक पूर्ण पान कोरं ठेवलंय. जुनी फाइल डाउनलोड केली असेल तर ती काढून टाका, नवीन लिंक व्हिडिओच्या खाली आहे.